एका झटक्याचा माणूस

नागपूरच्या हुडकेश्वरात धम्मानंद गोंडाणेंचं घर शोधायला प्लॉट नंबर लागत नाही. चौकात नुसतं "ते सोडणारे काका" म्हटलं की कोणीही बोट दाखवतं. नवख्या माणसाला वाटतं, काकांनी बायको सोडली असावी. तसं काही नाही. पंचफुलाबाई लग्नापासून जागच्या हललेल्या नाहीत. आणि त्या दोघांत कोणी कोणाला सोडायचंच असतं, तर बाईंनी हा विषय धम्मानंदांच्या आधी काढला असता, हे सगळी गल्ली जाणून आहे.

धम्मानंद सोडायचे ते सवयी. आणि सोडायचे ते एका झटक्यात.

सारी हयात खापरखेड्याच्या वीजकेंद्रात बॉयलरवर गेली. तिथल्या कॅन्टीनमध्ये एकदा कोमट चहा समोर आला, तेव्हा कप उपडा केला आणि म्हणाले, "आजपासून चहा बंद." तो बंद झाला तो झालाच. पत्ते सोडले तेही असेच, हातात तीन एक्के असताना. साडूशी बोलणं सोडलं ते एका कूलरवरून. आणि खर्रा! सुपारी-तंबाखूचा तो घोटा सोडणं म्हणजे नागपूरच्या माणसाने एक अवयव काढून ठेवण्यासारखं. पण मुलीच्या, दीक्षाच्या, सोयरिकीच्या दिवशी यांच्या तोंडची पिचकारी होणाऱ्या व्याह्यांच्या पांढऱ्या बुटावर गेली. व्याही नुसते बुटाकडे पाहत राहिले. धम्मानंदांनी खिशातली पन्नी काढली, नालीत फेकली, आणि पुन्हा सुपारीच्या वासालाही उभे राहिले नाहीत. सोयरीक टिकली. बूट गेला.

वीजकेंद्रात चालता संच, म्हणजे युनिट, एकाएकी बंद पडला की त्याला ट्रिप होणं म्हणतात. सोबत्यांनी म्हणून यांचं नावच पाडलं, ट्रिपसाहेब. त्यांना ते बिरुद वाटायचं. प्रत्येक सोडण्याचा दिवस त्यांना तोंडपाठ होता आणि त्या दिवशी ते कोणाला तरी थांबवून सांगायचेच.

त्यांच्या बरोबर उलटा माणूस म्हणजे समोरच्याच घरातले बाबाराव वैरागडे. तेही खापरखेड्याचेच, कोळशाच्या पट्ट्यावरचे. हे गृहस्थ वीस वर्षांपासून खर्रा कमी करून राहिले होते. कधी विचारा, गालात तोबरा ठेवून सांगणार, "कमी करून राहिलो ना गा. हळूहळू." धम्मानंद त्यांच्याकडे पाहून जगाला शिकवायचे, "हळूहळू म्हणजे काय, तर कधीच नाही."

तर अशा धम्मानंदांच्या छातीत दमा होता. कोळसा, राख आणि घराण्याची देणगी, तिन्ही मिळून. डॉक्टरांनी पंप लिहून दिलेला होता. पण पंपाची सवय लागते असं यांना कोणीतरी सांगितलेलं, म्हणून तो पंप कपाटात रुमालात गुंडाळून ठेवलेला, पाहुण्यांच्या चांदीच्या वाटीसारखा. दम लागला की स्वारी निघायची ती चौकातल्या दुर्गेशच्या मेडिकलवर.

"काका, तेच देऊ का?" दुर्गेश विचारायचा.

"तेच दे ना बे. जुनी चिठ्ठी हाय ना तुह्यापाशी."

चिठ्ठी कोणत्या जमान्यातली ते दुर्गेशलाही आठवत नव्हतं. पण पांढऱ्या गोळ्यांची एक पट्टी काउंटरवर यायची. चार-पाच दिवस घेतल्या की छाती अशी मोकळी व्हायची की धम्मानंद गच्चीवरून बाबारावांना हाका मारायचे. ही गोळी म्हणजे स्टेरॉइड, हे त्यांना ठाऊक होतं, पण खेळाडू घेतात ते वेगळं आणि आपलं वेगळं, एवढ्यावर ते समाधानी होते. होळीला एक पट्टी झाली. लग्नसराईत एक, आखाडीला एक, आणि मध्ये एकदा नुसतीच, पाहुणे येणार होते म्हणून.

पोळ्याच्या सुमारास मात्र पट्टीनेही ऐकलं नाही. बोलता बोलता वाक्य तुटायला लागलं. बोलणं तुटलेले धम्मानंद पाहून गल्ली खरी घाबरली. दीक्षा सासरहून आली आणि बापाला शहरात सदर भागातल्या छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली, आईसकट.

डॉक्टर रितिका वयाने दीक्षाएवढीच. तिने छाती ऐकली, फुंकर मारायच्या यंत्रात फुंकायला लावलं, आणि मग विचारलं, "काका, या गोळ्या याआधी किती वेळा घेतल्या?"

"अशाच, मधामधात."

"मधामधात म्हणजे?"

"होळी, लग्नसराई, आखाडी..." पंचफुलाबाईंनी सणवार मोजायला घेतले.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मग चांगलं समजावून सांगितलं. तिचं म्हणणं असं: दोन्ही किडन्यांच्या डोक्यावर एकेक लहानशी ग्रंथी असते, आणि या गोळीत जे आहे तसलंच द्रव्य ती रोज आपलं आपण बनवते. त्याच्यावर रक्तदाब टिकतो, साखर टिकते, ताप आला की अंग तग धरतं. एखाद्या वेळी पाच-सात दिवस गोळी घेतली आणि बंद केली तर सहसा काही होत नाही. पण वर्षात पुन्हा पुन्हा घेतली, किंवा तीन-चार आठवडे रोज घेतली, की ग्रंथी म्हणते, बाहेरून येतंच आहे, मी कशाला राबू? आणि ती झोपते. म्हणून या वेळी गोळ्या आधी पूर्ण, मग थोड्या कमी, मग आणखी कमी, अशा उतरवत न्यायच्या. तिला जागं व्हायला वेळ द्यायचा.

"मनाने एकदम बंद करायच्या नाहीत, काका. कितीही बरं वाटलं तरी. उलटी झाली, गोळी पोटात टिकली नाही, तर मला फोन. आणि पंप कपाटातून बाहेर. रोज. पंपाने ही गोळी टळते, उलटं नाही."

धम्मानंदांनी मान हलवली. मान हलवण्यात ते तयार होते. बॉयलरच्या आवाजात साहेबांचं काही ऐकू यायचं नाही तेव्हाही ते अशीच हलवायचे.

मग आले गोळ्यांचे दिवस. आणि काय दिवस होते ते! छाती तर मोकळी झालीच, पण वर माणसात वीज भरली. सकाळी उजाडायच्या आत फाटकाला रंग लावून झालेला. भूक अशी, की पंचफुलाबाईंनी दुपारसाठी झाकून ठेवलेली भाजी नाश्त्यातच खलास. "मले जवानी येऊन राहिली," ते म्हणाले. "जवानीत तुम्ही एवढं काम नाही करत होते," बाई म्हणाल्या. झोप मात्र उडाली, आणि तोंड सुजायला लागलं. गाल फुगले, डोळे बारीक झाले. आरशात धम्मानंदांना आपल्याऐवजी कोणीतरी खाऊनपिऊन सुखी सावकार दिसायला लागला.

आता इथे दसऱ्याची गोष्ट सांगितली पाहिजे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लोक लोटतात. कुठून कुठून, पायी, ट्रकने, रेल्वेने. खापरखेड्याच्या जुन्या लोकांचा तिथल्या रस्त्यावर दरसाल मसालेभाताचा मंडप असतो, येईल त्याला पोटभर. बायजाबाईंनी, म्हणजे धम्मानंदांच्या आईने, छप्पन साली कडेवरच्या लेकरासकट तिथे उभं राहून दीक्षा घेतली होती, आणि म्हातारी मरेपर्यंत म्हणायची, "त्या दिवशी कोण्यातरी परक्या बाईनं मले भाकर देल्ली होती." त्या एका भाकरीची फेड धम्मानंद दरसाल भट्टी पेटवून करत. मंडपातल्या मोठ्या भट्टीला त्यांच्याशिवाय कोणी काडी लावायची नाही, हा कायदा. बॉयलरवाला असताना दुसऱ्याने आग लावायची म्हणजे अपमानच.

मंडपाची बैठक बाबारावांच्या ओसरीवर भरली. धम्मानंद आत शिरले आणि सगळ्यांनी त्यांच्या गालांकडे पाहिलं.

"कोण गा हा पाहुणा?" कोणीतरी म्हणालं.

"ट्रिपसाहेब हाय ना! सासरवाडीत राह्यले वाट्टे."

बाबारावांनी तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात सारला. "गोळ्या घेऊन राहिले ते. स्टेरॉइड. डॉक्टरनं हळूहळू कमी कराले सांगतलं."

ओसरीवर जे हसू पिकलं, ते पानठेल्यापर्यंत ऐकू गेलं असेल.

"हळूहळू?" बाबाराव तृप्त होऊन म्हणाले. "काहून गा धम्मानंद, हळूहळू म्हणजे कधीच नाही, असं तूच सांगत होता ना? ये मंग आमच्या पार्टीत. मी वीस वर्षांचा मेंबर हाय. अध्यक्ष करतो तुले."

इथे धम्मानंदांचं डोकं सटकलं. त्यांच्या हिशेबात गोष्ट सरळ होती. खर्रा हळूहळू सोडणारा कधी सुटत नाही, हे डोळ्यांसमोर तोबरा धरून बसलेलं होतं. गोळीही सवयच, तोंड सुजवणारी, झोप उडवणारी सवय. मग तिला वेगळा न्याय कशाला? आणि डॉक्टरीणबाई म्हणजे आपल्या लेकीएवढी पोरगी, तिला काय ठाऊक, हा माणूस कसला आहे ते.

"आजपासून बंद," ते उभं राहून म्हणाले. "लिहून ठेवा."

"पाहा हो, डॉक्टरले तर विचारा," कोणीतरी पुटपुटलं. पण टाळ्या सुरू झाल्या होत्या, आणि टाळ्यांत असलं काही ऐकू येत नाही.

एरवी ही बातमी ओसरीवरून पंचफुलाबाईंच्या स्वयंपाकघरात पोचायला कढईतलं तेल तापायचाही वेळ लागला नसता. कारण मध्ये यमुताई राहतात. बाबारावांच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर, आणि ती भिंत यमुताईंसाठी कधी आड आलेली नाही. सगळी गल्ली त्यांना नावं ठेवते आणि सगळी गल्ली त्यांच्याकडूनच बातम्या घेते. त्या दिवशीही त्यांनी सगळं ऐकलं, पदर खोचला, आणि निघणार तोच भंडाऱ्याहून सुनेला कळा सुरू झाल्याचा फोन आला. नातवासाठी यमुताईंना बातमी पोटात घेऊन बस पकडावी लागली. तेवढा एक योग चुकला, आणि तो धम्मानंदांना मरणाच्या दारापर्यंत घेऊन गेला.

घरी त्यांनी बायकोला सांगितलं नाही. चारचौघांत सिंह असलेला माणूस पंचफुलाबाईंपुढे गोळी सोडल्याचं कसं सांगणार? त्या रोज सकाळी नाश्त्यानंतर गोळी हातावर ठेवायच्या. हे ती गालात धरायचे, पाणी प्यायचे, आणि खिडकीत जाऊन मनीप्लांटच्या कुंडीत सोडायचे. पंप मात्र इमानेइतबारे ओढत होते, त्यामुळे छाती बरी होती, आणि छाती बरी म्हणजे आपण बरे, असं त्यांनी धरून घेतलं.

पहिले एक-दोन दिवस विजयात गेले. मग अंग जड झालं. सांधे दुखायला लागले, पायऱ्या चढताना मांड्यांत जीव राहिना. भूक पळाली. पंचफुलाबाईंनी सुकी मच्छी केली आणि नवऱ्याने ताट सरकवलं, तेव्हा त्यांनी आधी ताटाकडे, मग नवऱ्याकडे संशयाने पाहिलं.

"काय होऊन राहिलं तुम्हाले?"

"काही नाही वं. डोस कमी झाला ना, त्यानं होते."

खोटं तर खोटं, पण अर्धं खरं होतं. मनातून त्यांना हे सगळं ओळखीचं वाटत होतं. खर्रा सोडला तेव्हाही असंच चिडचिडं झालं होतं, डोकं जड झालं होतं, आठवडाभर कुठे मन लागलं नव्हतं. आणि मग सुटका झाली होती. अंग कुरकुर करतंय म्हणजे सवय मरतेय, असा त्यांचा अनुभव. उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची, तेव्हा ते दाराची चौकट धरायचे आणि मनात म्हणायचे, मर लेका, मर. कोणाला म्हणत होते ते त्यांना ठाऊक नव्हतं.

त्यात मंडपाच्या सामानाची जुळवाजुळव. आचाऱ्याकडे चव घ्यायला गेले आणि कालची भजी खाऊन आले. बाबारावांनीही खाल्ली. बाबारावांना दोन जुलाब झाले आणि ते गच्चीवर पाखरं पाहत बसले. धम्मानंदांना तेच दोन जुलाब झाले, मग उलट्या सुरू झाल्या आणि त्या थांबेनात.

सकाळी पंचफुलाबाई अंगणात आल्या तर नवरा रंगवलेल्या फाटकापाशी खाली बसलेला. तोंड राखेसारखं, अंग घामाने थंड. "युनिट कोणतं चालू हाय?" त्यांनी बायकोला विचारलं. बाईंनी हाक मारली ती सगळ्या गल्लीला ऐकू गेली. बाबाराव बनियनवर धावत आले. ऑटो आला. आणि त्याच वेळी भंडाऱ्याची पिशवी खांद्याला लावून कोपऱ्यावरून यमुताई येताना दिसल्या. नातू पाहून झाला होता, पण पोटातली बातमी अजून तशीच होती. ऑटोत काय चाललंय ते कळायच्या आत त्या ऑटोत बसल्याही होत्या.

जवळच्या दवाखान्यात डॉक्टर गौरांग होता, कोवळा पोरगा, पण हात चपळ. रक्तदाब घेतला, पुन्हा घेतला. बोटाला टोचून साखर पाहिली. दोन्ही आकडे त्याला आवडले नाहीत.

"काही औषध सुरू आहे का काकांचं?"

"काहीच नाही," धम्मानंद डोळे मिटून म्हणाले. बोलण्याचं अवसान गेलं होतं, पण त्यातही थोडा रुबाब होता. "आपुन काही घेत नाही."

"खोटं नका बोलू," पंचफुलाबाई म्हणाल्या. "डॉक्टरसाहेब, सदरच्या डॉक्टरची पांढरी गोळी सुरू हाय. दम्यासाठी. रोज सकाळी मी माह्या हातानं देतो."

गौरांग थांबला. "आजपर्यंत रोज?"

"रोज."

मग उलट्या-जुलाबाने पाणी कमी झालं असेल, असं म्हणत तो सलाईनकडे वळला. आणि इथे पंचफुलाबाईंच्या मागून यमुताई पुढे झाल्या. इतके दिवस साठवलेली बातमी आता त्यांच्याने धरवेना.

"घेते कुठं वं पंचफुला! सोडल्या ना त्यांनी! बाबारावच्या ओसरीवर, सगळ्या पंचांपुढे! टाळ्या पडल्या. एका झटक्यात बंद म्हणे. मी कानानं ऐकलं. साऱ्या हुडकेश्वरले मालूम हाय, तुलेच तेवढं नाही."

गौरांगने हातातली सलाईनची नळी खाली ठेवली.

बाबाराव दारात होते. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा तोबरा थुंकायला बाहेर जायची घाई केली.

"किती दिवस झाले बंद करून?" गौरांगचा आवाज बदलला. "आणि त्याआधी किती घेतल्या होत्या?"

"होळीपासून," पंचफुलाबाई म्हणाल्या.

पोराने मग एक क्षण घालवला नाही. रक्ताचे नमुने घेतले, पण उत्तराची वाट पाहिली नाही. जी गोळी धम्मानंद कुंडीत टाकत होते, तिच्याच जातीचं इंजेक्शन शिरेतून दिलं, सलाईन धाडधाड सोडली, साखर दिली. सदरला फोन लावून रितिका मॅडमशी बोलला. दुपार टळेपर्यंत धम्मानंदांच्या तोंडावर रंग आला. संध्याकाळी त्यांनी डोळे उघडून पहिली गोष्ट विचारली, "मच्छी उरली काय?"

पंचफुलाबाईंनी मच्छीचं उत्तर दिलं नाही. त्या पायथ्याशी बसून होत्या. दुपारभर रडून झालं होतं, आता दुसरं काहीतरी सुरू होणार, हे धम्मानंदांना ओळखता आलं.

"मले एक सांगा," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. "थंड पडलेलं युनिट चालू कराले किती टाइम लागते?"

धम्मानंद सलाईनच्या बाटलीकडे पाहायला लागले.

"सांगा ना. लग्न झाल्यापासून प्रत्येक पाहुण्याले सांगता. माह्या भावाले सांगतलं, व्याह्याले सांगतलं, गॅसचं सिलिंडर आणणाऱ्याले सांगतलं. आता काहून नाही सांगत?"

"लय टाइम लागते," ते हळूच म्हणाले. "आधी तेलावर पेटवा लागते. ड्रम हळूहळू तापवा लागते. एकदम तापवलं तर फाटते. मंग वाफ, मंग टर्बाइन फिरवा लागते, मंग..."

"अन् ते पूर्ण लाइनीवर येईपर्यंत दुसरं युनिट बंद करतात काय?"

"खुळं हाय काय कोणी? साऱ्या गावात अंधार होईन ना."

बॉयलरवर हयात घालवलेल्या माणसाला आपण काय केलं ते कळायला डॉक्टरांचं समजावणं लागलं नाही. स्वतःच्या तोंडचं वाक्य पुरलं.

"डॉक्टरीणबाई हेच सांगत होती," पंचफुलाबाई म्हणाल्या. "मी शाळा शिकली नाही, पण मले तेव्हाच समजलं. तुमच्या आतलं युनिट थंड पडलं होतं, अन् तुम्ही बाहेरची लाइन कापली. टाळ्यांसाठी."

"मले वाटलं, खर्र्यासारखंच हाय."

दुसऱ्या दिवशी रितिका मॅडम स्वतः पाहून गेल्या. मॅडमनाही धम्मानंदांनी तेच सांगितलं, जरा पडेल आवाजात.

"तुमचं अंग खर्रा बनवत नाही, काका," ती म्हणाली. "तो एका झटक्यात सोडला, फार चांगलं केलं. दोन-चार दिवस त्रास होतो, जीव जात नाही. हे द्रव्य मात्र अंगाला लागतंच, रोज. आणि आजारपणात जास्त लागतं. दोन जुलाब बाबारावकाकांना झाले तेव्हा त्यांच्या ग्रंथीने लगेच जास्तीचं काढून दिलं. तुमची झोपलेली, बाहेरून येणारं तुम्ही बंद केलेलं. मग अंग कशावर उभं राहणार?"

"म्हणजे मी..."

"गेला असता," ती म्हणाली. ही पोरगी साखर लावून बोलणारी नव्हती. "आता पुन्हा सुरू करायच्या, आणि मी सांगेन तशा उतरवायच्या. मध्ये ताप आला, उलट्या झाल्या, दात काढायचा झाला, तर आधी मला सांगायचं. त्या वेळी डोस वाढवावा लागतो. आणि कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर काय घेताय एवढंच नाही, काय सोडलं तेही सांगायचं."

"ते सांगाले यमुताई हाय," पंचफुलाबाई म्हणाल्या.

चौकात दीक्षाने दुर्गेशला गाठलं. काय बोलली ते कोणी ऐकलं नाही, पण दुर्गेशने ती जुनी चिठ्ठी सगळ्यांसमोर फाडली, आणि आता कोणी "तेच दे" म्हटलं की तो आधी "चिठ्ठी?" म्हणून हात पुढे करतो. धंदा थोडा बसला, असं म्हणतो. मनीप्लांट मात्र तेव्हापासून असा फोफावला आहे, की यमुताईंच्या मते त्याचीही पानं सुजली आहेत.

दसऱ्याला मंडप उभा राहिला. गर्दीला अंत नव्हता. धम्मानंदांना दवाखान्यातून सोडलं होतं, पण उभं राहायची मनाई. त्यांनी प्लॅस्टिकची खुर्ची भट्टीसमोर टाकली, सकाळची गोळी पंचफुलाबाईंच्या देखत गिळली, जीभ बाहेर काढून दाखवली, आणि मग काडी लावली. बाबारावांनी लाकडं एकदम कोंबली.

"एवढी नाही बे! आधी बारीक! भट्टी फुटन!" खुर्चीतून ओरडा झाला.

"हळूहळू?" बाबारावांनी विचारलं.

धम्मानंदांनी मसालेभाताच्या रिकाम्या पातेल्याकडे पाहिलं, रांगेतल्या एका कडेवरच्या लेकराकडे पाहिलं. "हाव," ते म्हणाले. "हळूहळू. पण तुह्यं कमी नाही होऊन राहिलं बाबाराव. तुह्यं नुसतं फिरून राहिलं, या गालातून त्या गालात."

पुढे गोळ्या उतरत गेल्या. गल्लीला त्यात काही मजा नव्हती. अर्धी गोळी, मग त्याहून कमी. मध्ये एकदा सांधे दुखले तेव्हा मॅडमनी तिथेच थांबवलं, पुढची पायरी लांबवली. गाल बसले, सावकार आरशातून गेला, धम्मानंद परतले. शेवटी सकाळच्या वेळी रक्त तपासलं, ग्रंथी कामावर रुजू झाल्याचं मॅडमनी सांगितलं, आणि गोळी संपली. पंप राहिला. तो आता रुमालातून निघून टीव्हीवर बसला आहे.

मग एका संध्याकाळी ओसरीवर बाबारावांनी विषय काढला. "ट्रिपसाहेब, या सोडण्याचा दिवस कोणता धरायचा गा? दरसाल सांगाले लागन ना तुले."

धम्मानंदांनी तोंड उघडलं. चहाचा दिवस त्यांना ठाऊक होता, पत्त्यांचा ठाऊक होता, व्याह्यांच्या बुटाचा तर वारसुद्धा. पण ही गोळी नेमकी सुटली कधी? पहिली पायरी उतरली तेव्हा? अर्धी झाली तेव्हा? रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा? की त्याआधीच कधीतरी, ते झोपलेले असताना, आतली ग्रंथी उठून कामाला लागली तेव्हा?

"मालूम नाही," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा.

भिंतीपलीकडून यमुताईंचा आवाज आला. त्या सगळं ऐकत होत्याच.

"अवो, मीबी ध्यान ठेवून होती. पण ह्याच्यात सांगण्यासारखं काही घडलंच नाही."

आणि यमुताईंच्या आवाजात खरी निराशा होती.